प्रायमरी आउटकम नंतर बदललं की रिव्ह्यूअर का अडवतो

प्रश्न: मी सांगलीत फिजिओथेरपीचं मास्टर्स करते. ऊसतोड कामगारांच्या कंबरदुखीवर थिसिस ट्रायल आहे, दोन ग्रुप, ४२-४२. ट्रायलींच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयवर, प्रायमरी आउटकम १२ आठवड्यांचा कंबरेच्या त्रासाचा ऑस्वेस्ट्री स्कोअर लिहिलाय पण त्यात फरक येत नाहीये, सहा आठवड्यांच्या वेदनेच्या व्हीएएसमध्ये मात्र पी ०.०३ येतोय. सर म्हणतात तेच प्रायमरी कर आणि सीटीआरआयवर अपडेट करून टाक, तसंही १२ आठवड्यांना ६४च जण राहिले होते (३१ आणि ३३), बाकीचे गावी गेले. असं केलं तर काय बिघडतं? आणि सबमिट केलं होतं पण नंबर यायच्या आधी चार पेशंट घेतले होते, ते चालतं ना?

उत्तर:

आधी त्या चार पेशंटांचं उरकतो कारण ते सरळ आहे. नाही, चालत नाही. सबमिट करणं म्हणजे रजिस्टर होणं नव्हे. सबमिट केलं की तुम्हाला नुसता रेफरन्स नंबर मिळतो, मग तिकडून शंका येतात, अमुक खुलासा करा, एथिक्स कमिटीचं पत्र नीट अपलोड झालं नाही, तमुक रकाना अर्धवट आहे, तुम्ही उत्तर देता, परत एखादी शंका, आणि हे सगळं मिटल्यावर CTRI/ ने सुरू होणारा नंबर पडतो. तो नंबर पडला ती तारीख तुमच्या रजिस्ट्रेशनची. आणि पहिला पेशंट घेतला कधी, तर ज्या दिवशी पहिल्या माणसाने कन्सेंटवर सही किंवा अंगठा केला तेव्हा. ट्रीटमेंट सुरू केली तेव्हा नाही.

सीटीआरआय २० जुलै २००७ ला सुरू झालं, आणि बरीच वर्षं लोक ट्रायल संपल्यावर, अगदी पेपर पाठवायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा रजिस्टर करायचे आणि ते व्हायचं. १ एप्रिल २०१८ पासून ते बंद झालं, आता पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद व्हायला लागते, पीजीच्या थिसिसलाही सूट नाही. तुमच्या नोंदीत बहुतेक पुढची अपेक्षित तारीख पडलेली असणार आणि वर Trial Registered Prospectively असं दिसत असणार, जे आता खरं नाहीये. तर पहिल्या एनरोलमेंटची खरी तारीख टाका, एथिक्स कमिटीला एक पानी पत्र द्या की नंबर येण्याआधी चार जण घेतले, आणि पेपरमध्ये तेच एका वाक्यात लिहा. ॲनालिसिस एकदा सगळ्यांना धरून आणि एकदा त्या चौघांना वगळून करा. बहुतेक काही हलणार नाही. कन्सेंटवरच्या तारखेला मात्र हात लावू नका. मी एथिक्स कमिटीवर बरीच वर्षं बसतोय, उशीर झालेली पोरं दरवर्षी येतात आणि त्यांचं काहीतरी निघतं, खाडाखोड केलेल्या कागदाचं काही निघत नाही.

आता मुख्य मुद्दा.

तुम्ही ऊसपट्ट्यात काम करताय म्हणून तिथलंच सांगतो. कारखान्याच्या काट्यावर ज्याचा भरवसा नसतो तो शेतकरी ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर घालतो आणि पावती खिशात ठेवतो, पावतीवर वेळ असते. कारखान्याचं वजन कळल्यावर आणलेल्या पावतीला कोण विचारणार? सीटीआरआयची नोंद ही ती आधीची पावती. तिची सगळी किंमत त्या वेळेत आहे, निकाल कुणालाच माहीत नव्हता तेव्हा तुम्ही सांगून ठेवलं होतं की या ट्रायलचा निवाडा मी अमुक मापावर, अमुक दिवशी करणार.

तुमच्याकडे मापं दोन, व्हीएएस आणि ऑस्वेस्ट्री, आणि मोजलं असणार चार वेळा, २, ४, ६ आणि १२ आठवडे, साधारण असंच असतं. म्हणजे ग्रुपमधली तुलना आठ ठिकाणी होते. आता समजा तुमच्या व्यायामाचा शून्य उपयोग आहे. एकाच ठिकाणी बघितलं तर निव्वळ योगायोगाने पी ०.०५ च्या खाली जायची शक्यता शंभरात पाच. आठ ठिकाणी बघून त्यातलं जे चमकलं ते उचलायचं म्हटलं तर? कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर असेल तर हे एकदा चालवून बघा, दोन्ही ग्रुपमध्ये फरक नसलेले ४२-४२ आकडे घेऊन आठ टेस्ट, आणि हाच खेळ दहा हजार वेळा:

```
mean(replicate(10000,
  any(replicate(8, t.test(rnorm(42), rnorm(42))$p.value) < 0.05)))
```

उत्तर ०.३४ च्या आसपास येतं. म्हणजे काहीच उपयोग नसलेल्या तीन ट्रायलींपैकी एकीत तरी "सिग्निफिकंट" सापडतं. आता हे आठही आकडे एकमेकांशी संबंध नसलेले धरलेत, तुमच्याकडे तसं नाही, ज्याची कंबर दुखते त्याचे व्हीएएस आणि ऑस्वेस्ट्री दोन्ही वाढतात, सहा आठवड्याला दुखणारा बारालाही थोडाफार दुखतोच, म्हणून तुमच्या बाबतीत ती शक्यता ३४ टक्क्यांपेक्षा कमी भरेल. पण पाच टक्के तर नक्कीच राहिली नाही. आणि पेपरमध्ये मात्र तुम्ही पी ०.०३ लिहिणार, जणू काही एकाच ठिकाणी बघितलं होतं. गोम इथे आहे. सहा आठवड्यांचा आकडा खोटा नाही हो, तुम्ही नीटच मोजलाय, पण तो आठातून निवडून आणलाय हे वाचणाऱ्याला कळत नाही.

सर म्हणतील असं सगळेच करतात. करतात, आणि म्हणूनच रिव्ह्यूअर आता पेपर हातात आला की आधी रजिस्ट्री उघडतात. २००९ साली जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक तपासणी आली होती, त्यात नीट रजिस्टर झालेल्या १४७ ट्रायलींचे पेपर नोंदीशी ताडून बघितले, ४६ मध्ये आउटकम जुळत नव्हतं. त्यातल्या ज्या २३ मध्ये बदलाची दिशा ठरवता येत होती त्यांपैकी १९ मध्ये बदल सिग्निफिकंट निकालाच्या बाजूने होता. आता बदल साध्या अडचणींमुळे झाले असते तर ते दोन्हीकडे पडायला हवे होते, काही फायद्याचे काही तोट्याचे. २३ पैकी १९ एकाच अंगाला पडले तर नाणं तपासायला लागतं.

आणि यातून माणसांचं नुकसान झालेलं आहे. पॅरोक्सेटीन नावाचं डिप्रेशनचं औषध, ते किशोरवयीन मुलांना देऊन बघितलेली ट्रायल, स्टडी ३२९ म्हणून ओळखतात. प्रोटोकॉलमध्ये दोन प्रायमरी आणि सहा सेकंडरी आउटकम होते, योगायोगाने तुमच्यासारखेच आठ. आठांपैकी एकातही औषध गोळीच्या नावाने दिलेल्या पिठापेक्षा सरस ठरलं नाही. मग प्रोटोकॉलमध्ये नसलेली नवी मापं आली, त्यांत फरक होता, आणि २००१ च्या पेपरात औषध परिणामकारक आणि सुरक्षित आहे असं छापलं गेलं. २०१५ साली दुसऱ्या लोकांनी मूळ डेटा परत तपासून बीएमजे या जर्नलमध्ये छापला तेव्हा फायदा दिसला नाही आणि आत्महत्येचे विचार आणि तसं वागणं औषधाच्या ग्रुपमध्ये जास्त दिसलं. तुमच्या व्यायामाने कुणाचा जीव जाणार नाही हे मान्य, पण पद्धत तीच आहे.

आता सरांची बाजू. लोक गावी गेले हे कारण खोटं नाही, आणि ते मी हलक्यात घेत नाही. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला की टोळी दोन दिवसांत बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून निघते, मग बीडला जाऊन तुम्ही ऑस्वेस्ट्री भरून घेणार का? १२ आठवडे हा टाइमपॉइंट या लोकांसाठी मुळात चुकीचा निवडला होता. चुकीचा टाइमपॉइंट दुरुस्त करायला बंदी नाहीच. पण कारण कधी सुचलं ते महत्त्वाचं.

कोविडमधली रेमडेसिविरची अमेरिकी ट्रायल बघा, ॲक्ट-१ म्हणतात तिला. पहिला पेशंट २१ फेब्रुवारी २०२० ला घेतला. प्रायमरी आउटकम होतं १५ व्या दिवशी पेशंट कुठल्या अवस्थेत आहे. मग बाहेरून कळायला लागलं की हा आजार वाटला त्यापेक्षा लांबतो, १५ व्या दिवशी बघितलं तर खरा फरक निसटेल. २२ मार्चला स्टॅटिस्टिशियन लोकांनी सुचवलं की त्याऐवजी बरं व्हायला किती दिवस लागले ते धरा. तेव्हा ७२ पेशंट आत आले होते, पुढे एकूण हजारावर गेले. सुचवणाऱ्यांना कोणाला औषध मिळतंय ते माहीत नव्हतं आणि निकालाचे आकडेही त्यांनी बघितलेले नव्हते. जुनं आउटकम फेकलं नाही, मुख्य सेकंडरी म्हणून ठेवलं आणि पेपरात दोन्ही छापले, बदलाची तारीख आणि कारणासकट. तरीसुद्धा तेव्हा लोकांनी शंका घेतलीच! पण शंकेला उत्तर देता आलं, कारण प्रत्येक गोष्टीला तारीख होती.

तुमच्या ट्रायलमध्ये हीच वेळ फेब्रुवारीत आली होती. पहिली टोळी निघाली तेव्हा तुम्ही एथिक्स कमिटीला लिहिलं असतं की हंगाम लवकर संपतोय, १२ आठवड्यांचं मोजमाप मिळणार नाही, प्रायमरी सहा आठवड्यांवर आणतोय, ॲनालिसिस केलेलं नाही, आणि त्याच आठवड्यात सीटीआरआयवर बदल केला असता, तर माझ्यासारख्याने सही केली असती. तेव्हाही मी दोन प्रश्न विचारले असते. एक, टाइमपॉइंट बदलताय ते समजलं पण माप का बदलताय? लोक गावी गेले म्हणून १२ चे ६ आठवडे होतील, ऑस्वेस्ट्रीचं व्हीएएस कशाने होतंय? सरांचं कारण इथे तोकडं पडतं. सहा आठवड्यांचा ऑस्वेस्ट्रीही तुमच्याकडे आहेच की, त्याचा पी तुम्ही प्रश्नात लिहिला नाही, यावरूनच मला अंदाज आला. दुसरं, मोजतंय कोण? व्यायाम तुम्हीच शिकवता आणि व्हीएएसची रेघही तुम्हीच समोर धरता असं असेल तर शीट एसपीएसएसमध्ये टाकायच्या आधीच वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते तुम्हाला कळलेलं असतं, मग "ॲनालिसिस केलेलं नाही" हे वाक्य कागदावर खरं असूनही अर्धंच खरं.

आता पी बघून झाल्यावर तेच कारण दिलं तर ते खरं असूनही कुणाला तपासता येत नाही. रिव्ह्यूअर तुम्हाला लबाड म्हणत नसतो, त्याच्याकडे तुमच्या मनात डोकवायची सोय नसते, त्याच्याकडे फक्त तारखा असतात. सीटीआरआयच्या पानावर Registered on आणि Last Modified On शेजारी शेजारी दिसतात. शेवटचा पेशंट संपल्यावर चार महिन्यांनी नोंद बदलली आणि पेपर त्यानंतर महिन्याने आला, की त्याला पुढचं वाचायचीसुद्धा गरज वाटत नाही. बदल केला की जुनं पुसलं जातं असं समजू नका, आधीच्या नोंदीचा माग राहतो.

शिवाय पकडायला तारीखही लागत नाही. तुमचं सॅम्पल साइझच चुगली करेल. ग्रुपला ४२ कुठून आले? ऑस्वेस्ट्रीत १० पॉइंटांचा फरक आणि एसडी १५ धरून गणित केलं की ३६ येतात, वर गळतीचे सहा, झाले ४२. हे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं असणार. मग पेपरमध्ये प्रायमरी व्हीएएस आणि सॅम्पल साइझ ऑस्वेस्ट्रीवरून, हे कसं? काही लोक मग सॅम्पल साइझचं गणितही उलटं करून बसवतात, आणि मग एका वाकड्या खिळ्यासाठी अख्खी भिंत वाकवायला लागते.

आता तुमचे आकडे जरा शांतपणे बघू, कारण मला वाटतं तुम्ही उगाच घाबरलाय. समजा १२ आठवड्यांना व्यायामाच्या ग्रुपचा ऑस्वेस्ट्री ३ पॉइंट जास्त उतरला आणि एसडी १५ च निघाली. ३१ आणि ३३ लोकांवर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल साधारण उणे ४.५ ते अधिक १०.५ येतो. यात शून्य आहे म्हणून तुम्ही "फरक नाही" म्हणताय. पण त्यात १० पण आहे, तुम्ही ज्याला उपयोगी फरक मानलं होतं तोच. म्हणजे व्यायाम निरुपयोगी आहे असं तुमची ट्रायल सांगतच नाही, लोक गळाल्यामुळे मला ठरवता आलं नाही असं सांगते. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि दुसरं वाक्य छापण्यालायक आहे. उलट व्हीएएसचं बघा, ४२-४२ वर पी ०.०३ यायला दहापैकी ०.९ चा फरक आणि १.९ च्या आसपास एसडी पुरते. जुनाट कंबरदुखीत दोनेक पॉइंट उतरले तर पेशंटला जाणवतं असं साधारण धरतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला ०.९ ने काय कळणार? ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा तो निकालही फार मोठा नाहीये.

पेपरमध्ये आणि थिसिसमध्ये मी असं लिहीन: "नोंदणीनुसार प्रायमरी आउटकम १२ आठवड्यांचा ऑस्वेस्ट्री स्कोअर होतं. गळीत हंगाम संपल्याने ८४ पैकी ६४ जणांचंच मोजमाप झालं. ग्रुपमधला फरक ३ पॉइंट, ९५ टक्के इंटर्व्हल उणे ४.५ ते १०.५. सहा आठवड्यांच्या व्हीएएसमध्ये फरक दिसला, पण ते सेकंडरी आउटकम होतं, एकूण आठ तुलनांपैकी एक, आणि अनेक तुलनांसाठी दुरुस्ती केलेली नाही." आठ तुलनांची दुरुस्ती केली तर हद्द ०.००६ च्या आसपास येते, त्यात ०.०३ बसत नाही, हे व्हायव्हात विचारतील, तयार राहा. आणि गळालेले २० जण कोण होते ते एका तक्त्यात द्या, सुरुवातीला त्यांची कंबर जास्त दुखत होती का, कारण जास्त दुखणारा मजूर हंगाम संपायच्या आधीच उचल बुडवून निघून गेला असेल तर उरलेले ६४ हे मुळात बरे असलेलेच लोक आहेत.

सरांना कसं सांगायचं हा तुमचा खरा प्रश्न असेल. "सर, चुकीचं आहे" म्हणू नका, "सर, जर्नल सीटीआरआयचं पान मागतं आणि बदलाची तारीख विचारतं, मी काय लिहू" एवढंच विचारा आणि तारखेची जागा त्यांनाच भरू द्या. मीही एकेकाळी दुसऱ्या बाजूला होतो म्हणून सांगतो. माझी पहिली ट्रायल होती तेव्हा मी नोंदीत नुसतं "वेदनेत सुधारणा" असं लिहिलं होतं, टाइमपॉइंट "फॉलो-अपला". मला वाटलं काय हुशारी केली, पुढे मोकळीक राहील. रिव्ह्यूअरने एकच ओळ पाठवली, कुठल्या स्केलवर, कधी, आणि हे तुम्ही केव्हा ठरवलंत? माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, मी आउटकम बदललं नव्हतं तरी बदललं नाही हे सिद्ध करता येईना. पेपर परत आला. मोघम नोंद म्हणजे पावतीवर वजनाचा रकाना कोरा ठेवल्यासारखं आहे.

तुमची नोंदसुद्धा अर्धी मोघम आहे बरं का. "१२ आठवड्यांचा ऑस्वेस्ट्री" म्हणजे १२ आठवड्यांना असलेला आकडा, की सुरुवातीपासून झालेली घट, की १० पॉइंट उतरलेल्यांची टक्केवारी? तिन्हींचे पी वेगळे येतात आणि तिथेही निवड करायला जागा राहते. ऑस्वेस्ट्रीत एक प्रश्न शरीरसंबंधांबद्दल आहे, तो टोळीतल्या बायका काय, पुरुषही सोडूनच देतात, मग स्कोअर ५० ऐवजी ४५ पैकी काढून टक्केवारी करायची, हेही आधी लिहून ठेवायचं असतं. मी असं लिहिलं असतं: "ऑस्वेस्ट्री टक्केवारीत सुरुवातीपासून १२ आठवड्यांपर्यंत झालेला सरासरी बदल, दोन ग्रुपमधली तुलना, एक प्रश्न सुटल्यास ४५ पैकी गुण." लांबलचक आहे, पण यात नंतर वळवायला कोपरा उरत नाही.

तर सीटीआरआयवर आता प्रायमरीच्या रकान्याला हात लावू नका, पहिल्या एनरोलमेंटची तारीख दुरुस्त करा, भरती पूर्ण झाल्याचं नोंदवा आणि तिथेच थांबा.

आणि ज्युनिअरपैकी कोणी हाच विषय पुढे नेणार असेल तर त्यांना सांगा की अर्ज ऑगस्टमध्येच टाका, शंका-उत्तरांत दिवस जातात आणि दिवाळीनंतर टोळ्या उतरतात तेव्हा नंबर हातात पाहिजे. १२ आठवडेच हवे असतील तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर नवीन माणूस घेऊ नका, म्हणजे शेवटचं मोजमाप फेब्रुवारीअखेर फडातच होईल. आणि मुकादमाचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या, त्याला पगार-उचल सगळ्यांची माहीत असते, गावाकडचा फोनही माहीत असतो, गेलेल्या माणसाचा ऑस्वेस्ट्री फोनवरून भरता येतो, फक्त तेही आधी प्रोटोकॉलमध्ये लिहा.